खुणा शोधण्यापेक्षा फोटोचा माग काढा

*"आमच्या घरच्या ग्रुपवर एआयने बनवलेला फोटो आला की सगळे मला विचारतात, कारण माझी नजर चांगली आहे असा सगळ्यांचा समज आहे. माझाही होता. एका ऑनलाइन चाचणीत मी दहापैकी नऊ फोटो बरोबर ओळखले होते. पण गेल्या महिन्यात मामेभावाने डोंगरावरून पाठवलेला फोटो मी 'हा एआयचा आहे' म्हणून सगळ्यांसमोर खोडून काढला, कारण मागे उभ्या माणसाला तीन हात दिसत होते. फोटो खरा होता आणि तो फार दुखावला. त्यानंतर आठवड्याभरातच आगीतून मांजराचं पिल्लू बाहेर काढणाऱ्या जवानाचा फोटो मी विश्वासाने चार ग्रुपवर पाठवला, तो बनावट निघाला. माझं कुठे चुकतंय? आता कोणत्या नव्या खुणा शिकू?"*

*— एक वाचक*

नमस्कार.

नव्या खुणा शिकू नका, असंच मी सांगेन. तुमची नजर इतरांपेक्षा कमी नाही. पण हे काम नजरेवर सोपवण्यासारखं राहिलेलं नाही आणि ते आपल्या लक्षात येत नाही, यामागे एक ठोस कारण आहे. आधी ते पाहू.

आजवर तुम्ही पकडलेले बनावट फोटो तुम्हाला आठवतात. पण जे तुमच्या नजरेतून सुटले, ते तुमच्या लेखी आजही खरेच आहेत. कुणी येऊन सांगत नाही की परवा तुम्ही पाहिलेलं ते सूर्यास्ताचं दृश्य बनवलेलं होतं, किंवा त्या लेखासोबतच्या चेहऱ्याचा माणूस जगात कुठेच नाही. "केसांचा टोप घातलेला माणूस मला लगेच ओळखू येतो" असं म्हणणाऱ्याचंही हेच होतं. त्याने फक्त वाईट टोप मोजलेले असतात, चांगले टोप त्याच्या डोळ्यांसमोरून केस म्हणून निघून गेलेले असतात. स्वतःबद्दलचा आपला अंदाज अशा एकतर्फी हिशेबावर उभा राहतो. पकडलेल्या फोटोंची यादी वाढत जाते, सुटलेल्यांची कोरीच राहते, आणि दर महिन्याला आपल्याला वाटतं की आपण तरबेज होत चाललो आहोत.

मांजराच्या पिल्लाचा फोटो बनावट असल्याचं तुम्हाला कळलं, हा अपवाद आहे. बहुतेक वेळा कळत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी 2022 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना खरे चेहरे आणि संगणकाने तयार केलेले चेहरे एकेक करून दाखवले आणि खरा कोणता, बनवलेला कोणता ते विचारलं. सरासरी 48 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण तेवढीच आली असती. मग दुसऱ्या गटाला आधी खुणा शिकवल्या आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक हेही सांगितलं. तरी मजल 59 टक्क्यांपर्यंतच गेली. तुम्ही विचारताय ते "खुणा शिकू का" याचं उत्तर या आकड्यात आहे. शिकून थोडा फरक पडतो, पण ज्याच्या भरवशावर एखाद्याला सगळ्यांसमोर खोटं ठरवावं इतका नाही. शिवाय हे चेहरे तेव्हाच्या तंत्राने बनवलेले होते. तंत्र त्यानंतर थांबलेलं नाही.

दुसरा अभ्यास 2023 चा आहे. गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवर केलेल्या त्या प्रयोगात बनवलेले चेहरे खऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त वेळा "खरे माणूस" ठरवले गेले. लोक बरोबर गोष्टींकडेच पाहत होते, पण अर्थ उलटा लावत होते. चेहरा प्रमाणबद्ध आहे, ओळखीचा वाटतो, म्हणजे तो खरा असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात असंख्य चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र सरासरीच्या जवळचा, डोळ्यांना न खटकणारा चेहरा काढतं. खऱ्या माणसांचे चेहरे तितके गुळगुळीत सरासरीवर बसत नाहीत. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की ज्यांच्या चुका जास्त होत्या त्यांनाच आपल्या उत्तरांची खात्री जास्त होती. म्हणजे "मला आतून पक्कं वाटतंय" ही जाणीव इथे पुरावा म्हणून कामाची नाही.

आता तुमच्या चाचणीतल्या दहापैकी नऊबद्दल. ते गुण खोटे नाहीत, पण ते वेगळ्याच कामाचे गुण आहेत. चाचणीत तुम्हाला आधीच माहीत असतं की यात बनावट फोटो आहेत, बहुधा निम्मे. फोटो मोठा आणि स्वच्छ दिसतो, वेळ हाताशी असतो आणि डोकं संशय घेण्याच्या तयारीत असतं. शिवाय चाचणी बनवणारा असेच फोटो निवडतो, ज्यांचं उत्तर नंतर "हे बघा, इथे बोट वाकडं आहे" म्हणून समजावून सांगता येईल. ग्रुपवरचा फोटो तळहाताएवढ्या पडद्यावर, दहा जणांच्या फोनमधून दाबला जाऊन, रात्री झोपताना समोर येतो. त्यासोबत एक गोष्ट असते आणि आपल्याला ती गोष्ट आवडलेली असते. पिल्लाला छातीशी धरलेला जवान पाहताना बोटं मोजायचं कुणाच्या मनात येतं?

आणखी एक फसवणूक आपण नकळत स्वतःची करतो. फोटो बनावट आहे असं कळल्यावर आपण तो परत उघडतो आणि लगेच चार दोष दिसतात. कान विचित्र आहे, सावली चुकली आहे, मागची पाटी वाचता येत नाही. मग वाटतं, हे तर उघड होतं, नीट पाहिलं असतं तर सापडलंच असतं. पण हे दोष उत्तर कळल्यावर सापडलेले असतात. तोच प्रयोग एखाद्या खऱ्या फोटोवर करून बघा. कुणी खात्रीने सांगितलं की हा बनवलेला आहे, तर त्या खऱ्या फोटोतही तुम्हाला तेवढेच दोष दिसतील.

तुमच्या मामेभावाच्या फोटोत नेमकं हेच झालं असावं. आजचा फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींवर बसवून एक फोटो तयार करतो. पॅनोरामात तर तो पट्ट्या जोडत जातो. त्या वेळात मागचा माणूस हलला, तर एका फ्रेममधला हात आणि दुसऱ्या फ्रेममधला हात असे दोन्ही अंतिम फोटोत राहू शकतात. तिसरा हात असा येतो आणि फोटो मात्र शंभर टक्के कॅमेऱ्यातून निघालेला असतो. कमी उजेडात फोन त्वचेवरचे कण पुसून टाकतो, तेव्हा चेहरा मेणाचा वाटतो. फॉरवर्ड होताना फोटो दाबला गेला की कडा विरघळतात आणि अक्षरं चिघळतात. ज्या खुणा आपण "एआयच्या" म्हणून पाठ केल्या, त्यातल्या बऱ्याच साध्या फोनमध्येही तयार होतात.

त्या खुणा टिकतही नाहीत. हात आणि बोटं ही काही काळ भरवशाची खूण होती. मार्च 2023 मध्ये मिडजर्नी या एआय चित्रं बनवणाऱ्या साधनाची पाचवी आवृत्ती आली आणि तिथले हात बरेच सुधारले. पण "बोटं मोजा" हा सल्ला मात्र अजून फिरतो आहे. यात तोटा दुहेरी आहे. बोटं पाच दिसली की आपण निर्धास्त होतो, आणि खऱ्या फोटोत सहावं काही दिसलं की आपण एखाद्याला खोटारडा ठरवतो.

या दुसऱ्या चुकीकडे फार कमी लोक लक्ष देतात. 2024 मध्ये माइल्स अ‍ॅस्ट्रे या छायाचित्रकाराने एका स्पर्धेच्या एआय विभागात फ्लेमिंगोचा स्वतः काढलेला खरा फोटो मुद्दाम पाठवला. पक्ष्याने मान पोटाकडे वळवल्यामुळे त्याला डोकंच नाही असं वाटत होतं. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं, लोकांच्या मतांमध्येही तो पहिला आला, आणि त्याने खरं सांगितल्यावर तो बाद झाला. त्याच्या आदल्या वर्षी बोरिस एल्डागसेनने उलटं केलं होतं. सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत त्याने एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते एका गटात जिंकलं आणि त्याने बक्षीस नाकारलं. आयुष्यभर छायाचित्रं पाहणारे परीक्षक दोन्ही बाजूंनी चुकतात. त्यामुळे संशय वाढवणं हा उपाय होऊ शकत नाही. प्रत्येक फोटोला खोटा म्हटलं तर सगळे बनावट पकडले जातील हे खरं, पण तुमचा मामेभाऊही दर वेळी त्यात पकडला जाईल.

मग करायचं काय? फोटोच्या आत पाहणं कमी करायचं आणि फोटोच्या बाहेर जायचं. हे काम नजरेपेक्षा चिकाटीचं आहे आणि कुणालाही जमतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हेलेन हे चक्रीवादळ अमेरिकेच्या आग्नेय भागावर आदळलं आणि मोठा पूर आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक फोटो प्रचंड पसरला. पुराच्या पाण्यात होडी, होडीत लाइफ जॅकेट घातलेली रडणारी लहान मुलगी आणि तिने कवटाळलेलं कुत्र्याचं पिल्लू. हा फोटो तुमच्या ग्रुपवर आला आहे असं समजा.

पहिली पायरी म्हणजे फोटो काय सांगतो आहे ते एका वाक्यात लिहून काढायचं. "हेलेनच्या पुरात या मुलीला होडीतून वाचवलं." लिहिल्याने फरक असा पडतो, की प्रश्न "फोटो खरा दिसतो का" असा न राहता "हे घडलं का" असा होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळे देतात, दुसऱ्याचं माणसं आणि नोंदी देतात. आणखीही एक फायदा आहे. दुसऱ्याच कुठल्या वर्षीचा, दुसऱ्याच कुठल्या पुराचा अगदी खरा फोटो नव्या मजकुरासह फिरवणं हा फसवणुकीचा जुना आणि सर्वांत सोपा प्रकार आहे. बोटं मोजणाऱ्याला तो कधीच सापडत नाही, पण वाक्य तपासणाऱ्याला सापडतो.

दुसरी पायरी, हा फोटो कुणी काढला असेल याचा विचार. कॅमेरा मुलीच्या अगदी जवळ आहे, म्हणजे काढणारा त्याच होडीत किंवा शेजारच्या होडीत असणार. तो बातमीदार असेल तर वृत्तसंस्थेच्या पद्धतीप्रमाणे फोटोखाली नाव, ठिकाण आणि तारीख हवी. मदत पथकातला असेल तर त्या पथकाच्या पानावर तो हवा. या फोटोसोबत गावाचं नाव नव्हतं, काढणाऱ्याचं नव्हतं आणि मुलीचंही नव्हतं. इतका गाजलेला फोटो, आणि "ही आमच्या शेजारची मुलगी" असं म्हणणारं कुणी नाही. एवढ्यावरून फोटो बनावट ठरत नाही, पण फॉरवर्ड करण्यापूर्वी थांबायला एवढं पुरेसं आहे.

तिसरी पायरी रिव्हर्स इमेज सर्चची, म्हणजे फोटो देऊन तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधण्याची. फोनवर गूगल लेन्स असतं. दुसरं म्हणजे tineye.com वर फोटो टाकून निकाल Oldest प्रमाणे लावता येतात, म्हणजे सर्वांत जुनी सापडलेली प्रत वर येते. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. ते "किती ठिकाणी आहे" ते मोजतात आणि शंभर ठिकाणी दिसला की खरा मानतात. पाहायचं ते हे की सर्वांत आधी कुठे होता आणि त्या शंभरांमध्ये स्वतः तिथे हजर असलेलं कुणी आहे का. बाकी सगळे एकमेकांचंच पुढे ढकलत असतात. मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचा फुगीर पांढऱ्या जॅकेटमधला तो फोटो गाजला, त्याचा उगम एआयने बनवलेल्या चित्रांच्याच ऑनलाइन ग्रुपमध्ये होता. तिथे तो काय आहे हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. लोकांनी तो तिथून उचलून बाहेर आणला आणि त्याची ओळख मागे राहिली. अनेक बनावट फोटोंचं असंच होतं. बनवणाऱ्याने फसवलेलं नसतं, वाटेत पाटी गळून पडलेली असते आणि उगमापर्यंत गेलं की ती सापडते.

होडीतल्या मुलीचा माग काढणाऱ्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. त्याच दृश्याचा दुसरा फोटोही फिरत होता, जणू काही क्षणांच्या अंतराने काढलेला. पण दोन्ही शेजारी ठेवले तर मुलीचे कपडे आणि होडी एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकाच घटनेचे दोन फोटो असतील तर जग तेच राहायला हवं. एकेकटा पाहिला तर प्रत्येक फोटो पटण्यासारखा होता, जोडी पाहिल्यावर प्रकरण मिटलं. म्हणून एक फोटो घेऊन डोळे ताणत बसण्यापेक्षा त्याच घटनेचा दुसरा फोटो शोधणं जास्त कामाचं आहे. मोठी घटना अनेक जण अनेक बाजूंनी टिपतात. मे 2023 मध्ये पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचा बनावट फोटो पसरला आणि शेअर बाजार काही मिनिटं हलला, तेव्हाही हाच प्रश्न निर्णायक होता. इतक्या गजबजलेल्या ठिकाणी स्फोट होतो आणि त्याचा एकच फोटो, एकाच कोनातून? तिथल्या स्थानिक अग्निशमन दलाने असा काही स्फोट झालाच नसल्याचं जाहीर केलं आणि विषय संपला.

या सगळ्याला किती वेळ लागतो? होडीच्या फोटोसाठी दहा मिनिटांच्या आत हे होतं. तेवढा वेळ नसेल तर फोटो पुढे न पाठवणं हा पर्याय दर वेळी खुला असतो.

आता या पद्धतीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर हीसुद्धा तुमच्यासाठी नवी बोटं मोजणी होऊन बसेल. रिव्हर्स सर्चमध्ये काहीच सापडलं नाही याचा अर्थ बनावट असा होत नाही आणि खरा असाही होत नाही. तासाभरापूर्वी बनवलेलं चित्र आणि तासाभरापूर्वी काढलेला फोटो, दोघांचाही इतिहास नसतो. फोटो ओळखून देणाऱ्या वेबसाइटचा टक्क्यातला निकालही निवाडा म्हणून घेऊ नका. दाबलेल्या, कापलेल्या किंवा स्क्रीनशॉट घेतलेल्या फोटोवर त्या सहज चुकतात, आणि ग्रुपवर येणारे फोटो नेमके तसेच असतात. फाइलमध्ये लपवलेल्या खुणा असतात, उदाहरणार्थ गूगलची सिंथआयडी किंवा कॅमेरा आणि संपादन यांची नोंद ठेवणारी कंटेंट क्रेडेन्शियल्स. त्या सापडल्या तर उत्तम माहिती मिळते. पण सिंथआयडी त्या व्यवस्थेने खूण केलेलंच ओळखते, आणि क्रेडेन्शियल्सची नोंद फोटो एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाताना बहुधा पुसली जाते. खूण नाही म्हणजे फोटो खरा, असं मानू नका.

आणि घरगुती फोटोंना यातलं काहीच लागू पडत नाही. मामेभावाचा डोंगर इंटरनेटवर सापडणार नाही. तिथे पडताळणी म्हणजे त्याच्याशी बोलणं, तेही खासगीत. "मागच्या माणसाला तीन हात कसे दिसतात रे? त्याच्या आधीचे-नंतरचे फोटो पाठव ना." फोनमधून निघालेल्या फोटोला शेजारी असतात. त्याच जागेचे, त्याच कपड्यांतले, थोडे हललेले, थोडे फसलेले फोटो. बनवणाऱ्याकडे सहसा ते नसतात. झालेल्या प्रकाराबद्दल, जिथे खोडून काढलंत त्याच ग्रुपवर तुम्ही स्पष्ट लिहा की फोटो खरा आहे आणि माझा निष्कर्ष चुकीचा होता. मांजराच्या पिल्लाबद्दलही ज्या चार ग्रुपवर पाठवलात त्या चारही ठिकाणी तसंच लिहा. नुसता फोटो काढून टाकला तर ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात तो खराच राहतो. कुणी म्हणेल, "बनावट असला म्हणून काय, भावना तर खरी आहे." हेलेनच्या फोटोबाबतही काही जण असंच म्हणाले. मला ते पटत नाही. त्या पुरात खरोखर वाचवलेल्या, खरोखर बेघर झालेल्या मुलांचे फोटो होते, आणि लोकांचं लक्ष जगात नसलेल्या मुलीने घेतलं.

ग्रुपवर यापुढे कुणी विचारलं तर "खरा" किंवा "खोटा" यांशिवाय तिसरं उत्तर द्यायला सुरुवात करा. "उगम सापडला नाही, म्हणून मी पुढे पाठवत नाही." लोकांना सुरुवातीला हे उत्तर अपुरं वाटेल, कारण तुमच्याकडून त्यांना निकालाची सवय आहे. पण काय शोधलं आणि काय मिळालं नाही हे दोन ओळींत लिहिलंत, तर पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणीतरी स्वतः शोधून पाहील.

नजरेचा अंदाज घ्यायची हौस सोडू नका, फक्त त्याचा हिशेब ठेवा. एका वहीत, माग काढण्याआधी, लिहायचं की हा फोटो मला काय वाटतो आणि माझी खात्री शंभरात किती. मग शोधायचं आणि जे निघालं ते शेजारी लिहायचं. ज्यांचा छडा लागला नाही तेही लिहायचे, गाळायचे नाहीत. संशय न आलेले काही फोटोही मुद्दाम निवडून तपासा, कारण सुटलेले फोटो फक्त तिथेच सापडतील. तीसेक नोंदी झाल्या की "नव्वद टक्के खात्री" असं लिहिलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढा आणि त्यात बरोबर किती निघाल्या ते मोजा. तो आकडा कोणत्याही चाचणीच्या गुणांपेक्षा तुमच्याबद्दल जास्त सांगेल, आणि तो नव्वदच्या बराच खाली आला, तर ग्रुपवर नुसत्या नजरेने निकाल देणं थांबवा.